लघवीतले कॅल्शियम आले कुठून?

माझे वय 57 वर्षे, वजन 62 किलो. रजोनिवृत्तीला सहा वर्षे झाली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे 1.8 आला. आहारात प्रथिने फार कमी आहेत असे सांगून आहारतज्ज्ञांनी ती दिवसाला 40 ग्रॅमवरून 75 ग्रॅमवर न्यायला सांगितले. पोट जड होऊ नये म्हणून मी रोजचे दोन पेले दूध बंद केले आणि त्याऐवजी प्रथिनांची पावडर दोन वेळा पाण्यातून घेऊ लागले. तीन महिन्यांनी 24 तासांच्या लघवीतील कॅल्शियम पूर्वीच्या 128 मिलिग्रॅमवरून 171 वर गेलेले दिसले. प्रथिनांमुळे आम्ल तयार होते आणि ते हाडे विरघळवते, असे मी वाचले आहे. हाडे वाचवण्यासाठी प्रथिने पुन्हा कमी करू का?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवर मला शंका नाही, आणि ही वाढ प्रथिनांमुळेच झाली असण्याचा संभवही मोठा आहे. प्रथिने वाढली की लघवीतील कॅल्शियम वाढते, हे जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे. ढोबळ मानाने एका जादा ग्रॅम प्रथिनामागे एक मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लघवीवाटे जाते. तुमची प्रथिने 35 ग्रॅमने वाढली आणि कॅल्शियम 43 मिलिग्रॅमने, म्हणजे हिशेब बऱ्यापैकी जुळतो. मात्र तपासणीने सांगितले ते एवढेच. ते कॅल्शियम हाडांतून निघाले हे तपासणीत कोठेही लिहिलेले नाही. ते आपण मनाने जोडले आहे, आणि खरे सांगायचे तर अनेक वर्षे अभ्यासकांनीही ते तसेच जोडले होते.

तुम्ही वाचलेल्या आम्लाच्या सिद्धान्ताला एक बांधीव रूप आहे. प्रथिनांतील मेथिओनिन आणि सिस्टीन या दोन अमिनो आम्लांत गंधक असते, आणि शरीरात त्यांचे विघटन झाले की थोडे सल्फ्युरिक आम्ल तयार होते. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहणे आवश्यक असल्याने हे आम्ल निष्प्रभ करावे लागते, आणि हाडांत क्षारांचा मोठा साठा असतो. तेव्हा शरीर हाडे झिजवून आम्ल मारत असेल, असा तर्क 1968 साली वॉकमन आणि बर्नस्टीन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. तर्क सुबक होता, आणि त्यानंतरच्या दशकांत झालेल्या आहार-प्रयोगांत प्रथिने वाढवताच लघवीतील कॅल्शियम वाढताना दिसल्याने त्याला बळही मिळाले.

या मांडणीत दोन गोष्टी निसटल्या होत्या. पहिली अशी की आम्ल बाहेर टाकण्याचे काम मुळात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. निरोगी मूत्रपिंड प्रथिनांतून आलेले जादा आम्ल अमोनियमच्या रूपात लघवीत सोडते, आणि साध्या आहारातील चढउतारांनी रक्ताचा सामू त्या पट्ट्याबाहेर जात नाही. दुसरी गोष्ट आतड्याची आहे, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. आतड्यातून कॅल्शियम किती शोषले गेले, हे पूर्वी अन्नातील आणि मलातील कॅल्शियम मोजून, त्यांची वजाबाकी करून ठरवत. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून पन्नास-साठ मिलिग्रॅमचा फरक पकडायचा म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. त्यामुळे शोषण बदलत नाही असे गृहीत धरले गेले. आणि शोषण बदलत नसेल तर लघवीतील जादा कॅल्शियमला हाडांखेरीज दुसरे घरच उरत नाही.

हा पेच सोडवायला समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याची वजनाने किंचित वेगळी रूपे, उपयोगी पडली. निसर्गात कॅल्शियमची काही स्थिर, किरणोत्सर्ग न करणारी समस्थानिके असतात. त्यांपैकी एक तोंडावाटे आणि दुसरे शिरेवाटे दिले, तर कोणते कॅल्शियम आतड्यातून आले आणि कोणते शरीरातल्या साठ्यातून आले, हे वेगवेगळे ओळखता येते. जेन कर्स्टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्त्रियांना काही दिवस वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅम आणि काही दिवस 2.1 ग्रॅम प्रथिने दिली. आहारातील कॅल्शियम दोन्ही वेळा सुमारे 800 मिलिग्रॅम ठेवले. प्रथिने वाढवल्यावर लघवीतील कॅल्शियम अपेक्षेप्रमाणे वाढले, पण त्याच वेळी आतड्यातील शोषण सुमारे 18 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर गेले. 800 मिलिग्रॅमवर आठ टक्के म्हणजे 64 मिलिग्रॅम, आणि लघवीतील वाढही साधारण तेवढीच होती. लघवीतील कॅल्शियमपैकी हाडांतून आलेला वाटा तर कमी झाला. थोडक्यात, दारातून जास्त आले म्हणून दुसऱ्या दारातून जास्त गेले, तिजोरीला हात लागला नव्हता. पुढे 2009 साली या सिद्धान्तावरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात लघवीतील कॅल्शियम वाढले तरी शरीरातील कॅल्शियमचा एकूण ताळेबंद बिघडल्याचा पुरावा मिळाला नाही.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. 40 ग्रॅम प्रथिने 62 किलो वजनाला म्हणजे दर किलोमागे जेमतेम 0.65 ग्रॅम. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित पातळी 0.83 ग्रॅम आहे, आणि वय वाढू लागले की 1 ते 1.2 ग्रॅम असावीत असे वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणारे सांगतात. कर्स्टेटर यांच्याच गटाने आधी केलेल्या प्रयोगांत निरोगी तरुण स्त्रियांना किलोमागे 0.7 ग्रॅम प्रथिने दिली, तेव्हा चार दिवसांतच आतड्यातील शोषण घटले आणि रक्तातील पॅराथायरॉइड संप्रेरक वाढले. रक्तातले कॅल्शियम कमी पडते आहे असे वाटले की शरीर हे संप्रेरक सोडते, आणि ते ज्या साठ्यातून कॅल्शियम काढते तो साठा म्हणजे हाडे. तुम्ही 40 ग्रॅमवर परतलात तर पुढच्या तपासणीत लघवीतील आकडा खाली आलेला दिसेल, तुम्हाला हायसे वाटेल, आणि ज्याची भीती होती नेमके तेच आत सुरू झालेले असेल. अहवालात चांगली दिसणारी गोष्ट शरीराला चांगली असेलच असे नाही, याचे याहून नेमके उदाहरण मला आठवत नाही.

हाडांच्या बाजूनेही पाहू. हाड हा केवळ क्षारांचा दगड नव्हे. त्याच्या आकारमानाचा साधारण अर्धा भाग प्रथिनांचा, मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंचा असतो, आणि कॅल्शियमचे स्फटिक त्या तंतूंच्या जाळ्यावर बसतात. शिवाय पुरेशी प्रथिने मिळाली की यकृत आयजीएफ-1 हे द्रव्य अधिक बनवते. ते हाड घडवणाऱ्या पेशींना चालना देते आणि स्नायूही टिकवून धरते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात 600 हून अधिक वृद्धांची चार वर्षे पाहणी झाली, तेव्हा सर्वांत कमी प्रथिने खाणाऱ्यांच्या खुब्यातील आणि कण्यातील हाड सर्वांत जास्त झिजल्याचे दिसले. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस चाचणीत, खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांना सहा महिने 20 ग्रॅम जादा प्रथिने दिल्यावर खुब्याच्या हाडाची झीज तुलनेने कमी झाली.

येथे एक पथ्य मी स्वतःलाही घालून घेतो. प्रथिने हाडे कमकुवत करत नाहीत, याचा अर्थ जितकी जास्त तितकी हाडे बळकट, असा होत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांना दोन वर्षे रोज 30 ग्रॅम व्हे प्रथिने दिली, पण हाडांच्या घनतेत फरक पडला नाही. त्या स्त्रियांच्या आहारात आधीपासूनच किलोमागे एक ग्रॅमहून अधिक प्रथिने होती. उणीव असेल तर ती भरून काढण्याने फायदा होतो. भरलेल्या भांड्यात ओतत राहून होत नाही. तुमची उणीव खरी होती, म्हणून आहारतज्ज्ञांचा सल्ला मला योग्य वाटतो. मात्र 75 ग्रॅम झाल्यावर आणखी वर जाण्याचे कारण दिसत नाही.

मग सारे ठीक आहे का? तसे म्हणता येत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेले आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुम्ही दूध बंद केले.

दोन पेले दूध म्हणजे सुमारे अर्धा लिटर, आणि त्यात जवळपास 600 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूधदुभते वगळले तर उरलेल्या आहारातून बहुतेकांना दिवसाला तीनशे-चारशे मिलिग्रॅमच मिळते. पावडरीतही थोडे कॅल्शियम असते, ते डब्यावर पाहून घ्या. पण सगळे धरून तुम्ही आज साडेचारशे ते पाचशेच्या घरात असाल, असा माझा अंदाज आहे. तुमच्या वयाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागते. साडेचारशेतील तिसरा हिस्सा शोषला गेला, आणि या वयात तेवढे शोषण म्हणजे चांगलेच म्हणायचे, तरी 150 मिलिग्रॅम आत येतात. बाहेर मात्र एकट्या लघवीतूनच 171 जात आहेत. पाचक रसांतून आणि घामातून जाणारे वेगळे. ही तूट भरून काढायला एकच जागा आहे. म्हणून तुमची शंका निराधार म्हणता येणार नाही. हाडांवर कदाचित खरोखरच भार पडत असेल, पण त्याचे कारण आलेली प्रथिने नसून त्यांच्यासाठी घालवलेले कॅल्शियम आहे. प्रथिने शोषणाची टक्केवारी वाढवतात; पण आतड्यात मुळात थोडेच कॅल्शियम पोहोचत असेल, तर टक्केवारी वाढून काय हाती लागणार?

ही जोडी किती घट्ट आहे, हे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या बेस डॉसन-ह्यूज आणि सुझन हॅरिस यांच्या अभ्यासात दिसते. पासष्टी ओलांडलेल्या 342 स्त्री-पुरुषांपैकी काहींना तीन वर्षे रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 700 एकक ड जीवनसत्त्व दिले, बाकीच्यांना औषधहीन गोळी. कॅल्शियम मिळालेल्या गटात जास्त प्रथिने खाणाऱ्यांची हाडे अधिक चांगली राहिली. औषधहीन गोळीच्या गटात प्रथिनांचा असा फायदा दिसला नाही. फ्रेमिंगहॅमच्या पुढच्या पिढीच्या अभ्यासातही प्राणिज प्रथिने जास्त आणि कॅल्शियम 800 मिलिग्रॅमपेक्षा कमी, अशा लोकांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका जास्त आढळला. त्या अभ्यासात मोडलेल्या हाडांची संख्या थोडी होती, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरी रोख एकाच दिशेने आहे.

तेव्हा माझी सूचना अशी की दूध परत सुरू करा आणि पावडर एका वेळेपुरती ठेवा. हिशेब करून पाहा. तुमच्या जुन्या 40 ग्रॅममध्ये त्या दुधाची सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने धरलेलीच होती. दूध परत आले की 40 पूर्ण झाले. पावडरीच्या एका मापाचे वजन 30 ग्रॅम असले तरी त्यातील प्रथिने साधारण 22 ते 24 ग्रॅम असतात. वजन आणि प्रथिने यांची गल्लत अनेकांकडून होते. ती धरून 63 झाले. उरलेली बारा ग्रॅम दोन अंड्यांतून किंवा डाळी-कडधान्यांच्या एका चांगल्या वाढणीतून निघतात. पोट जड होण्याचा त्रास असेल तर दुधाऐवजी तेवढेच दही घ्या, किंवा दूध अर्ध्या-अर्ध्या पेल्याने दिवसभरात विभागा. प्रथिनेही तीन जेवणांत विभागली तर स्नायूंना त्यांचा उपयोग अधिक होतो आणि पोटही तक्रार करत नाही. दूधदही आणि इतर आहार मिळून कॅल्शियम हजारच्या आसपास पोहोचेल. पालकातील कॅल्शियम या हिशेबात धरू नका. त्यातील ऑक्झलेटमुळे त्याचे शोषण सुमारे पाच टक्केच होते, दुधाच्या बाबतीत ते तीस टक्क्यांच्या जवळ असते.

दूधदही चालतच नसेल तर गोळी घ्यावी, पण तिच्यावरील आकडा नीट वाचावा. कॅल्शियम कार्बोनेटच्या 1250 मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅम असते. एका वेळी पाचशेहून अधिक घेण्यात फायदा नाही, कारण मात्रा वाढली की शोषणाचे प्रमाण घटते. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. सायट्रेट केव्हाही चालते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे.

लघवीच्या तपासणीबद्दल एक गोष्ट राहिली. तो आकडा मिठानेही हलतो. सुमारे सहा ग्रॅम जादा मीठ पोटात गेले की साधारण 40 मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीवाटे जाते, म्हणजे तुमच्या अहवालात दिसणारी सगळी वाढ दोन खारट दिवसांनीही घडवून आणता आली असती. गंमत अशी की मिठामुळे जाणाऱ्या कॅल्शियमची भरपाई आतडे प्रथिनांसारखी करत नाही, तरी भीती मात्र प्रथिनांची बाळगली जाते. पुढे ही तपासणी करायची झाली तर त्याच नमुन्यात सोडियम आणि क्रिएटिनिनही मोजून घ्या. क्रिएटिनिन मागच्या वेळेपेक्षा फार वेगळे आले तर 24 तासांचा संचय पुरता झालेला नाही किंवा जास्त वेळ झाला आहे, असे समजावे, आणि कॅल्शियमचा आकडा बाजूला ठेवावा. स्त्रियांत दिवसाला 250 मिलिग्रॅमच्या वर गेले तर त्याला जास्त म्हणतात; तुमचे 171 त्याच्या बरेच आत आहे.

हाडे झिजत आहेत का, हे विचारायचे असेल तर प्रश्न रक्ताला विचारलेला बरा. पॅराथायरॉइड संप्रेरक, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन या चार तपासण्या एकदा करून घ्या. संप्रेरक वाढलेले आणि ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर आधी ते दुरुस्त करावे लागेल, कारण त्याच्यावाचून दुधातले कॅल्शियमही नीट शोषले जाणार नाही. हाडांच्या झिजेचा थेट अंदाज सीटीएक्स या तपासणीतून येतो, पण त्यासाठी रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यावे लागते. न्याहारीनंतर दिले तर आकडा खाली दिसतो आणि दिशाभूल होते.

क्रिएटिनिनचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. येथपर्यंतचे सारे विवेचन निरोगी मूत्रपिंडे गृहीत धरून केले आहे. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर आम्ल बाहेर टाकण्याची क्षमता घटलेली असते, आम्लाचा हाडांवरील परिणाम अशा रुग्णांत खरोखर होतो आणि प्रथिनांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. मुतखडा होऊन गेला असेल, त्यांनीही पावडर किंवा कॅल्शियमच्या गोळ्या विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. अशा वाचकांनी तुमच्यासाठी मांडलेला हिशेब स्वतःला लावू नये.

डेक्सा तपासणी पुन्हा केव्हा करायची, हे तुम्ही विचारलेले नाही, पण धास्तीपोटी ती लवकर केली जाते म्हणून लिहितो. दीड-दोन वर्षांआधी करू नका, आणि शक्यतो त्याच यंत्रावर करा. तुलना करताना टी-स्कोअरऐवजी अहवालातील ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हा आकडा पाहा. त्यात तीन-चार टक्क्यांहून कमी फरक असेल तर तो यंत्राच्या आणि झोपण्याच्या स्थितीतल्या फरकाचाही असू शकतो. त्यावरून हाड वाढले असे मानू नका आणि घटले असेही मानू नका.